नऊ की एक

आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट. त्यातल्या नऊंना वर्षाचे दहा महिने कुलूप असतं. मालक डोंबिवली, ठाणे, पनवेलला. मे महिन्यात आणि गणपतीत उगवतात. एक जण बोटीवर आहे, तो कधी कुठे असेल ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. उरलेले आम्ही रत्नागिरीतच, बहुतेक साठीच्या पुढचे. गेल्या वर्षी वार्षिक सभेला मी उशिरा पोचले आणि दाराशी चपला काढेपर्यंत सेक्रेटरी झाले होते. "तुझ्याकडे कॉम्प्युटर आहेच," एवढंच कारण. मी घरी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, खानावळीचं मेनूकार्ड, असलं काय काय. दप्तर, रबरी शिक्का आणि एक पेनड्राइव्ह हातात आला.

पेनड्राइव्हवर दहा वर्षांच्या मासिक नोटिसा होत्या. आधीचे सेक्रेटरी काका फार नेटके. प्रत्येक नोटीस ए-४, वर सोसायटीचं नाव, रजिस्टर नंबर, मग 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की', आणि शेवटी 'आपला नम्र'. मी काय केलं, तारखा बदलल्या आणि पीडीएफ करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. दिवसभर लोकांच्या पत्रिका जुळवून झाल्यावर स्वतःच्या सोसायटीची नोटीस कोण सजवत बसणार?

जूनच्या नोटिशीत होतं की पंपाच्या कामासाठी रविवार दि. ८ रोजी ९ ते १ पाणी बंद. त्या रविवारी साडेनऊला तळमजल्यावरच्या मावशींचा फोन आला. डोक्याला शिकेकाई लावून त्या न्हाणीघरात उभ्या.

"अगो, एक वाजता जाणार होतं ना पाणी?"

मी दोन बादल्या घेऊन खाली गेले. केस धुऊन झाल्यावर मावशींनी मोबाइल पुढे केला. "हे बघ, एकच आहे ना?" मी चष्मा वर-खाली केला. पडद्यावर माझी नोटीस आखीवरेखीव दिसत होती, आणि खरंच, तो आकडा नऊ आहे की एक ते मलाही सांगता येईना. ते मीच टाइप केलं होतं म्हणून मला ठाऊक, एवढंच. देवनागरीतले १ आणि ९ मुळात भावंडं. अक्षर बारीक झालं की दोघांमधला तो एक वळणाचा फरक भरून जातो आणि उरतो एक शेपटीवाला ठिपका.

मग त्यांनी मला नोटीस कशी वाचतात ते दाखवलं. दोन बोटांनी पान ताणलं. अक्षर वाचण्याजोगं झालं तेव्हा ओळीचा जेमतेम तिसरा भाग पडद्यावर उरला. 'सर्व सन्माननीय सभा' एवढं वाचायचं, पान डावीकडे सरकवायचं, 'सदांस कळविण्यात', पुन्हा सरकवायचं, मग ओळ संपली की उलटं पहिल्यापासून. तेवढ्यात बोट खाली घसरलं की भलतीच ओळ. अशा सव्वीस ओळी. पाणी होतं चौदाव्या ओळीत. "दुसऱ्या परिच्छेदानंतर मी सोडून देते," मावशी म्हणाल्या, "तसंही दर महिन्याला तेच असतं."

घरी येऊन मी पट्टी घेतली आणि माझा मोबाइल मोजला. साडेसहा इंची म्हणतात तो. पण ती मापं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची. रुंदी भरली ६.८ सेंटिमीटर. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. मोबाइल पीडीएफ उघडतो तेव्हा पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीत बसवतो, म्हणजे सगळं एकतृतीयांश होतं. माझं १२ पॉइंटचं अक्षर मावशींच्या हातात ४ पॉइंटचं झालं होतं. वर्तमानपत्राचा मजकूरही याच्या दुपटीच्या आसपास असतो. औषधाच्या बाटलीवरच्या लेबलावर असलंच बारीक अक्षर असतं, आणि ते कोणी वाचत नाही हे कंपनीलाही माहीत असतं.

पहिला विचार कोणालाही सुचेल तोच: अक्षर मोठं करू. ए-४ वरच ३० पॉइंट ठेवलं तर मोबाइलवर साधारण १० पॉइंट दिसेल. हिशेब बरोबर आहे. फक्त कॉम्प्युटरवर पान उघडलं की ते आरडाओरडा केल्यासारखं दिसतं, आणि हात आपोआप अक्षर लहान करायला जातो. २४ करू, २० सुद्धा चालेल की, असं करत आपण परत १४ वर येतो. मी दोनदा आले.

मग उलटं केलं. अक्षर साधंच ठेवलं, पान लहान केलं. पावतीपुस्तकांमुळे ए-६ माझ्या रोजच्या हातातला आकार: १०.५ बाय १४.८ सेंटिमीटर, पोस्टकार्डाच्या जवळपासचा. वर्डमध्ये `Layout` मधल्या `Size` च्या यादीत तो बहुतेक असतो, खाली जाऊन निवडायचा. चारही बाजूंना ६ मिलिमीटर समास, अक्षर १५ पॉइंट. मोबाइलवर हे पान जवळपास दोनतृतीयांश होतं, म्हणजे १५ चं अक्षर १० च्या आसपास दिसतं. ताणायला नको, सरकवायला नको. ओळीत पाच-सहा शब्द येतात आणि डोळा सरळ खाली उतरतो.

ए-६ च का, दुसरा कुठला अरुंद आकार का नाही, याला एक चोख कारण आहे. मोबाइलसाठी पट्टीसारखं लांब पान केलं असतं तरी चाललं असतं. पत्रिकांचं मी तसंच करते. पण सोसायटीची नोटीस जिन्याखालच्या बोर्डावरही लागावी लागते. ए मालिकेतले सगळे कागद एकाच प्रमाणाचे असतात, म्हणून ए-६ बरोबर दुप्पट केलं की थेट ए-४ होतं, कडेला पांढऱ्या पट्ट्या राहत नाहीत. १५ पॉइंटचं अक्षर बोर्डावर ३० होतं. तीच फाइल हातातही वाचता येते आणि दूध आणायला निघालेला माणूस जिन्यातून न थांबताही वाचू शकतो. दोन फाइली केल्या की एकीतली तारीख बदलायची राहते, हे मला पत्रिकांनी शिकवलंय. मुहूर्त चुकलेल्या पत्रिकेचे पैसे भरलेत मी.

आता जागा. १५ पॉइंटला ओळीचं अंतर २१ पॉइंट धरलं तर ए-६ वर अठरा ओळी बसतात. मथळा जरा मोठा घेतला की हातात उरतात ऐंशी ते नव्वद शब्द. जूनची माझी नोटीस मोजली तर तीनशे चाळीस शब्दांची निघाली.

तेव्हा मी चोरवाट काढायचा प्रयत्न केला. ओळींमधलं अंतर `Exactly` करून १६ वर आणलं, म्हणजे आणखी पाच-सहा ओळी मावल्या. छान दिसलं, आणि 'वार्षिक सभा' ची 'वाषिक सभा' झाली. रफार वरच्या ओळीखाली छाटला गेला होता. इंग्रजी अक्षरं त्या अंतरात आरामात बसतात. आपल्याकडे मात्र डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, अशी तीन मजली इमारत असते. तिला दोन मजल्यांच्या उंचीत कोंबलं की कोणाचं तरी डोकं जातं. परत २१ केलं आणि शब्दांकडे वळले.

'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की' पहिल्याच फटक्यात गेलं. रजिस्टर नंबर गेला. तो लेटरहेडवर हवा. नळाला पाणी नाही हे सांगताना नको. 'सर्वांनी सहकार्य करावे ही विनंती' तीन ठिकाणी होतं, तिन्ही गेले. थकबाकीदारांची यादी गेली. त्यावर खजिनदार भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, नावं लागली की पैसे येतात. मी म्हटलं, जिन्याखालचा कागद जिन्याखालीच राहतो, ही फाइल मात्र संध्याकाळपर्यंत थकबाकीदाराच्या व्याह्यांकडे पोचेल. ज्याची बाकी त्याला वेगळं पत्र द्या. खरं सांगायचं तर मी ती यादी जागेसाठी काढली होती. व्याही नंतर सुचले.

मग उरलेल्याची क्रमवारी. मी प्रत्येक मुद्द्यापुढे लिहिलं: हे न वाचल्यास काय होईल? पाण्याचं न वाचल्यास डोक्याला शिकेकाई. मेंटेनन्सचं न वाचल्यास व्याज. गच्चीचं न वाचल्यास पन्हळीचं तोंड कुंडीखाली बंद होऊन वरच्या मजल्याच्या छतातून पाणी. सभेचं आत्ता न वाचल्यास काहीच नाही, कारण वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी विषयपत्रिकेसकट वेगळी काढावीच लागते. ती या पानात कोंबता येत नाही, कोंबूही नये. इथे नुसती तारीख पुरते. त्याच क्रमाने जुलैची नोटीस झाली ती अशी:

पाणी बंद
रविवार, १३ जुलै
सकाळी नऊ ते दुपारी एक

टाकी धुणार आहोत. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. पाणी परत आल्यावर पहिली पाच मिनिटं नळ सोडून ठेवा, ते पाणी पिऊ नका.

मेंटेनन्स १५ जुलैपर्यंत भरा. रक्कम तुमच्या बिलावर आहे.

गच्चीवर कुंड्या, पाट, कपडे ठेवू नका. पन्हळ तुंबते. गळतीचं काम पाऊस उघडल्यावर.

वार्षिक सभा रविवार, १४ सप्टेंबर. नोटीस वेगळी येईल.

सेक्रेटरी. सही-शिक्क्याची प्रत बोर्डावर.

पहिल्या तीन ओळी २४ पॉइंटमध्ये ठळक, बाकी १५. 'नऊ' आणि 'एक' अक्षरात. तारखेतला आकडा चुकला तरी सोबत वार आहे, त्यामुळे माणूस अडखळतो आणि पुन्हा बघतो. वेळेला असा आधार नसतो, म्हणून वेळ नेहमी अक्षरात आणि पुढे 'सकाळी', 'दुपारी'. रंग फक्त काळा. जुन्या नोटिशीत पाठीमागे फिक्या केशरी रंगातला गणपती होता. पडवीतल्या उजेडात मोबाइल धरला की तो गणपती आणि अक्षरं एकमेकांत विरघळायची.

सही-शिक्क्याचंही सांगते. काका नोटीस छापायचे, सही करून शिक्का मारायचे, मग मोबाइलने तिचा फोटो काढून त्याची पीडीएफ पाठवायचे. म्हणजे ४ पॉइंटचं अक्षर, वर त्याचा फोटो, वर काकांच्या हाताची सावली. फाइल तीन-चार एमबीची. बोटीवरच्या मुलाकडे ती उतरायचीच नाही. आताची फाइल शंभर केबीच्याही आत असते, कारण तिच्यात चित्र नाही, नुसती अक्षरं आहेत. काकांना सहीशिवायची नोटीस म्हणजे कुंकवाशिवायची पत्रिका वाटते. म्हणून सही-शिक्का कागदावर, कागद बोर्डावर, आणि फाइलमध्ये तसं लिहिलेलं. सहीचं चित्र फाइलमध्ये चिकटवायला मी नकार दिला. ते कोणीही कापून दुसऱ्या कागदावर लावू शकतो.

फॉण्टचा घोळ मात्र माझा स्वतःचा. डीटीपीवाली असल्याने माझा हात जुन्या फॉण्टवर बसलेला. क्रुतिदेवसारख्या त्या फॉण्टांमध्ये आत असतात इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा. तुम्ही 'सूचना' वाचता, पण फाइलच्या पोटात असतं `lwpuk`. पीडीएफ केली की फॉण्ट फाइलसोबत जातो, त्यामुळे दिसायला सगळं ठीक. पण एकदा मी घाईत पीडीएफ न करता वर्डचीच फाइल पाठवली होती, आणि मोबाइलवर तो फॉण्ट नसल्याने निम्म्या सोसायटीला 'lwpuk' आलं. एकांनी विचारलं, रशियन आहे का. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते मोबाइलकडून वाचून घेतात. जुन्या फॉण्टमधली नोटीस त्यांच्या मोबाइलने एल, डब्ल्यू, पी अशी अक्षरं म्हणत वाचायला घेतली, आणि त्यांना वाटलं मोबाइल बिघडला. आता मी युनिकोड फॉण्ट वापरते, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठी अक्षरंच असतात. मुक्त नावाचा. 'एक टाइप'ने केलेला, फुकट मिळतो, आणि बारीक झाला तरी त्याच्या मात्रा एकमेकींत मिसळत नाहीत.

तरी युनिकोड म्हणजे सगळं सुटलं असं नाही. पीडीएफमधून देवनागरी मजकूर बाहेर काढताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, 'बिलावर'मधली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापाशी उतरते, आणि वाचणारा मोबाइल अडखळतो. यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. पहिल्या तीन ओळी मी फाइलसोबत साध्या मेसेजमध्येही लिहिते. आजोबा तेवढं ऐकतात, आणि ज्यांना फाइल उघडायचा कंटाळा आहे त्यांनाही पाण्याचं कळतं. फाइलचं नावही आता `पाणी-बंद-13-जुलै.pdf` असं असतं. आधी `Notice final new (2).pdf` असायचं. उघडण्याआधी लोकांना दिसतं ते नावच.

आणि फाइल पाठवायची ती डॉक्युमेंट म्हणून. एका वहिनींनी मदत म्हणून स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला होता. फोटो म्हणून गेलेली गोष्ट व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं, आणि दाबलेल्या चित्रात सगळ्यात आधी पातळ रेघा मरतात. मराठीत पातळ रेघ म्हणजे कोणाची तरी मात्रा.

मेंटेनन्ससाठी खजिनदार भाऊंना पानावर क्यूआर कोड हवा होता. मी त्यांच्या मोबाइलवर नोटीस उघडून दिली आणि म्हटलं, करा स्कॅन. त्यांनी मोबाइल उचलला, इकडे तिकडे पाहिलं, आरशापाशीही जाऊन आले. ज्या पडद्यावर कोड आहे त्याच मोबाइलने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून पैशाच्या अॅपमध्ये गॅलरीतून उघडता येतो, पण ते मावशींना शिकवायला मी जाणार नाही. क्यूआरचा कागद बोर्डाशेजारी वेगळा लावला. तिथे तो उपयोगी आहे, आणि माझी चार ओळींची जागा वाचली.

एवढं सगळं करून जुलैची पहिली छापील प्रत फसलीच. झेरॉक्सवाल्याकडे फाइल पाठवली, दुपारी आणायला गेले तर ए-४ कागदाच्या मधोमध एवढंसं पान, भोवती पांढरं वाळवंट. त्याने `Actual size` वर छापलं होतं. त्याचं बरोबरच होतं, फाइल ए-६ चीच तर होती. `Fit` केलं आणि पान कागदभर झालं. आता फाइल पाठवतानाच त्याला सांगते. याचाच जुळा घोळ घरी होतो: वर्डमधून `Print` करून पीडीएफ काढली तर प्रिंटरचा कागद ए-४ असल्याने ए-६ पान त्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि मोबाइलवर आपण होतो तिथेच येतो. `Save As` मधून पीडीएफ केली की पान आपल्या मापाचं राहतं. ओळखायला सोपं आहे. आधी स्वतःलाच पाठवायची, हात लांब करून मोबाइल धरायचा, आणि बोट न लावता वाचायचं. भोवती पांढरी जागा दिसली की माप चुकलंय.

काकांना मी नवी नोटीस पाठवायच्या आधी दाखवायला गेले. त्यांनी पुढे-मागे करून पाहिली, जणू पाठीमागे उरलेला मजकूर असेल. "'आपला नम्र' नाही?" मी म्हटलं, काका, एक ओळ जाते. ते गप्प राहिले. ऑगस्टमध्ये मेंटेनन्सची ओळ तोडून मी 'आपली नम्र' परत घातलं. दहा वर्षं विनामोबदला दप्तर सांभाळलेल्या माणसासाठी अठरातली एक ओळ द्यायला माझी हरकत नाही.

तेरा जुलैला पहाटेपासून धो धो पाऊस होता. आठ वाजता मावशींचा फोन. मी बादल्या उचलूनच फोन घेतला.

"वाचली गो नोटीस. बोट नाही लावावं लागलं."

"बरं झालं."

"पण मला सांग, रविवारीच का? आमच्याकडे माणसं असतात रविवारी. मंगळवारी धुतली असतीत तर टाकी रागावली असती का?"

टाकी धुणारा माणूस रविवारीच मोकळा असतो, असं मी सांगायला लागले. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन मध्येच वाजू लागला. त्यांनाही तेच विचारायचं होतं, आणि शिवाय कुंड्या ठेवायच्या कुठे, ते.